ग्रुपवरचं मलम, गजकर्ण आणि बंद केलं की दुप्पट भडकणारी खाज

मृणाल_जुळेसोलापूर
नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येतील.

माझा धाकटा भाऊ अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर असतो. दिवाळीनंतर त्याच्या जांघेत गजकर्ण उठलं. नाण्याएवढं गोल, कडा उठलेली, मधे साफ. त्यांच्या खात्यातल्या पोरांच्या ग्रुपवर एका ट्यूबचा फोटो फिरत होता. खाली लिहिलेलं, "चार दिवसांत साफ, डॉक्टरची फी वाचवा." त्याने मेडिकलमध्ये मोबाइलमधला फोटो दाखवला, ट्यूब मिळाली, आणि चार दिवसांत खाज खरोखरच गेली. त्यानेही मग तोच फोटो पुढे पाठवला.

पंधरवड्यात ते परत आलं आणि आधीपेक्षा मोठं आलं. पुन्हा तीच ट्यूब, पुन्हा आराम, पुन्हा परत. संक्रांतीपर्यंत ते मांड्यांवर आणि कमरेवर पसरलं. तोवर गोल कडाही राहिली नव्हती, नुसते लालसर-तपकिरी पट्टे. म्हणून त्याने फोटो काढून नेटवर शोधायला सुरुवात केली. गजकर्णाच्या फोटोशी काही जुळेना, सोरायसिसच्या फोटोशी थोडं जुळलं. त्याने ठरवून टाकलं की आपल्याला सोरायसिस आहे. मग सोरायसिसचा ग्रुप शोधला आणि तिथून आणखी कडक मलम घेतलं.

आज त्याच्या दोन्ही जांघांत जांभळट चिरा पडल्यासारखे पट्टे आहेत, बाळंतपणानंतर पोटावर असतात तसे. वहिनीच्या कमरेवर चट्टे आहेत, आणि पाच वर्षांच्या भाचीच्या मानेवर एक गोल उठलंय. मलम बंद केलं की दोन-तीन दिवसांत अशी आग होते की तो रात्रपाळीत माग सोडून बाहेर येऊन उभा राहतो. म्हणून परत लावतो.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे मलम बंद कसं करायचं? डॉक्टरकडे गेल्यावर नक्की काय होतं? (त्याला वाटतं तेच मलम लिहून देतील.) आणि त्या ग्रुपवर अजूनही फोटो फिरतोय, तिथे काय सांगायचं की पोरं ऐकतील?

अंबादास_पूर्वभाग
ताई, आमच्या बाजूला घरटी एक माणूस सापडेल असा. कारखान्यात घामाने चड्डी-बनियन दिवसभर ओलं, वर उन्हाळा. खाज सुटली की मालक सुट्टी देत नाही बे, खाडा पडला की पगार गेला. सिव्हिलला केसपेपर काढून बसायचं म्हणजे अर्धा दिवस. त्यापेक्षा मेडिकल बरं वाटतं. पोरं वेडी नाहीत, वेळ नाही त्यांच्याकडे.

मंगल_काकू
मलमांच्या नादी लागूच नये. लसूण ठेचून त्यात लिंबू पिळायचं आणि चट्ट्यावर बांधून ठेवायचं. आमच्या भिशीच्या ग्रुपवर आलं होतं, खूप जणींनी चांगलं म्हटलं. निसर्गातली गोष्ट आहे, अपाय नाही.

स्नेहल_विजापूररोड
काकू, कृपा करून हे कुणाला सांगू नका. माझ्या जावेने दंडावर लसूण बांधून रात्र काढली. सकाळी फडकं सोडलं तर पाण्याने टरारलेला फोड होता, गरम तव्याने भाजल्यासारखा. गजकर्ण बाजूलाच राहिलं, भाजल्याचं ड्रेसिंग करायला रोज जावं लागलं. तो डाग अजून गेला नाही.

त्वचा_नीता
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. सोलापुरात शिकले, आता जिल्ह्यातच तालुक्याच्या गावी दवाखाना आहे. मृणाल, तुमच्या भावाची कथा माझ्या ओपीडीत रोज येते, म्हणून क्रमाने लिहिते.

आधी त्या ट्यूबमध्ये काय असतं ते बघू. अशा मलमांत बहुतेक वेळा तीन-चार औषधं एकत्र असतात. एक बुरशीचं, एक-दोन जंतूंची, आणि एक स्टेरॉइड, बऱ्याचदा क्लोबेटासोल. हे लावायच्या स्टेरॉइडमधलं सगळ्यात जोरदार समजलं जातं. चार दिवसांत जी खाज जाते ती या स्टेरॉइडमुळे. बुरशी आल्यावर तिच्याशी लढायला शरीर त्या जागी सूज आणि लाली आणतं, आणि आपल्याला त्याचीच खाज येते. स्टेरॉइड ही लढाईच थांबवतं. वरून त्वचा शांत दिसते आणि आत बुरशीला अडवणारं कुणी राहत नाही. ट्यूबमधलं बुरशीचं औषध चार दिवसांत तिला संपवू शकत नाही, त्याला आठवडे लागतात. म्हणून मलम थांबलं की शरीर पुन्हा जागं होतं, आणि तोवर बुरशी दुप्पट जागा व्यापून बसलेली असते.

गोल कडा नाहीशी झाली तीही याच कारणाने. ती उठलेली कडा म्हणजे शरीराचा विरोध. विरोध दाबला की कडा पुसट होते, पट्टे वेडेवाकडे पसरतात, कधी वर्तुळात वर्तुळ दिसतं. असं बिघडलेलं गजकर्ण नेटवरच्या कुठल्याच फोटोशी धड जुळत नाही. शिवाय तिथले बरेच फोटो गोऱ्या कातडीचे असतात. आपल्या रंगावर लाली लाल न दिसता तपकिरी किंवा जांभळट दिसते. भावाने सोरायसिस ठरवलं ते यामुळेच. आणि मग सोरायसिसवर चालणारं कडक स्टेरॉइड त्याने बुरशीवर लावलं.

जांघेतल्या चिरांबद्दल खरं ते सांगते. तिथली कातडी मुळात पातळ, घडीत औषध जास्त मुरतं. स्टेरॉइडने कातडीच्या आतला आधार झिजला की अशा चिरा पडतात. काळाने त्यांचा जांभळा रंग फिका होतो, पण चिरा पूर्ण जात नाहीत.

रोहित_होटगीरोड
डॉक्टर बरोबर सांगतायत, पण उपाय सोपा आहे. स्टेरॉइडचं मलम फेकायचं आणि इट्राकोनाझोलच्या गोळ्या घ्यायच्या. मला जिममध्ये झालं होतं. 200 च्या सकाळ-संध्याकाळ, सात दिवस, मोकळा. नेटवर डोस दिलेला आहे सगळीकडे. लवकर हवं असेल तर डोस वाढवायचा, साधं गणित.

औषधवाला_बाळे
रोहित, हे गणित साधं नाही. काउंटरच्या या बाजूने बोलतो.

परवाच एक काका आले, मोबाइलवर इट्राकोनाझोलच्या पट्टीचा फोटो. विचारलं आणखी काय चालू आहे, तर कोलेस्टेरॉलची सिमव्हास्टॅटिन आणि रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी. सिमव्हास्टॅटिन आणि इट्राकोनाझोल एकत्र घेतली तर पहिली शरीरात साठत जाते आणि स्नायूंना इजा होऊ शकते, त्यातून मूत्रपिंडावर येतं. आणि ॲसिडिटीची गोळी पोटातलं आम्ल कमी करते, त्यामुळे इट्राकोनाझोलची कॅप्सूल नीट मुरतच नाही. म्हणजे एका गोळीचा त्रास वाढणार आणि दुसरीचा गुण येणार नाही. काकांना परत पाठवलं. ते रागावून गेले. समोरच्या दुकानात मिळालं असेल, नाही म्हणत नाही.

मलमांबद्दलही सांगतो. ही मलमं शेड्यूल एचमध्ये येतात, चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात. वेष्टणावर डाव्या बाजूला लाल उभी रेघ असते. पण गिऱ्हाईक फोटो घेऊनच येतं आणि "हेच द्या, दुसरं नको" म्हणतं. ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, हॅलोबेटासोल यांतलं एकही नाव दिसलं तर ते स्टेरॉइड. क्लोट्रिमाझोल, ल्युलिकोनाझोल, किटोकोनाझोल ही बुरशीची. क्लोबेटासोल आणि क्लोट्रिमाझोल यांत घोटाळा होतो, अक्षरं नीट बघा.

निवृत्त_रेल्वे_दमाणीनगर
चांगली चर्चा. माझाही प्रश्न आहे. मला पाठीवर खांद्याच्या खाली एक फिकट चट्टा आहे, वर्षभर झालं. खाज अजिबात नाही, म्हणून दुर्लक्ष केलं. मुलाने फोटो टाकून शोधलं तर गजकर्ण किंवा शिबं असं आलं. त्यामुळे वर म्हटलंय तसं ल्युलिकोनाझोलचं साधं मलम, स्टेरॉइड नसलेलं, दोन महिने लावतोय. काही फरक नाही. गोळ्या सुरू कराव्यात का? किती मिलिग्रॅम?

मंगल_काकू
स्नेहल, तुझ्या जावेचं वाचून वाईट वाटलं. लसूण नको तर नुसतं लिंबू चालेल की. लिंबाने तर चेहरा उजळतो.

त्वचा_नीता
एकेकाला उत्तर देते.

काकू, लिंबू लावून माणूस उन्हात गेला की तिथे भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात आणि मग महिनोन्महिने काळे डाग राहतात. लिंबाच्या रसातली काही द्रव्यं ऊन लागल्यावर कातडी जाळतात. आणि आपलं सोलापूरचं एप्रिलचं ऊन तुम्हाला सांगायला नको.

रेल्वेवाले काका, तुम्ही गोळ्या सुरू करू नका. आधी मला एक सांगा. घरातल्या कुणाला पाठीमागे बसवा, तुम्ही डोळे मिटा. त्यांनी कापसाचं टोक पिळून कधी चट्ट्यावर, कधी शेजारच्या चांगल्या कातडीवर अगदी हलकं टेकवायचं. टेकवलं की तुम्ही बोटाने जागा दाखवायची. चट्ट्यावरचा स्पर्श कळतोय का?

रोहित, तुम्हाला गुण आला हे चांगलंच, पण ते तुमच्यापुरतं होतं. तुम्ही स्टेरॉइड लावलेलं नव्हतं, चट्टा लहान असणार. गेल्या काही वर्षांत आपल्याकडची बुरशी बदलली आहे. 2020 साली तिच्या एका जातीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नावच मिळालं, भारताकडे बोट दाखवणारं. टर्बिनाफिन हे पूर्वी हमखास लागू पडणारं औषध तिच्यावर बऱ्याचदा चालत नाही. आता माझ्या रुग्णांना इट्राकोनाझोल चार ते आठ आठवडे, कधी त्याहूनही जास्त द्यावं लागतं. आणि डोस दुप्पट केला म्हणून वेळ निम्मा होत नाही. ज्यांचं हृदय कमकुवत आहे त्यांच्यासाठी ही गोळी धोक्याची, यकृताच्या आजारातही जपून. लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे वाटले, पाय सुजले, चढताना धाप लागली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. हे सगळं नेटवरच्या डोसखाली बारीक अक्षरांत असतं, पण आपल्या घरातल्या माणसाला कोणतं लागू आहे ते नेट ठरवू शकत नाही.

अंबादास_पूर्वभाग
डॉक्टर एक खरं बोलू का, राग धरू नका. माझ्या चुलत्याला आमच्या गल्लीतल्या डॉक्टरने हेच चार-औषधांचं मलम लिहून दिलं होतं. चिठ्ठीवर. मग ग्रुपवरच्या पोराला कशाला बोल लावायचा?

त्वचा_नीता
राग कसला, खरंच आहे ते. चिठ्ठ्यांवरही येतं, आणि ते चूकच आहे. माझ्याकडे येणाऱ्यांतल्या काहींच्या हातात ग्रुपचा फोटो असतो तर काहींच्या हातात डॉक्टरची जुनी चिठ्ठी. ती चिठ्ठीसुद्धा मग मोबाइलमध्ये जाते आणि दहा घरांत फिरते. म्हणून चिठ्ठी हातात पडली तरी ट्यूबवरची नावं वाचा आणि विचारा, "यात स्टेरॉइड आहे का, आणि असेल तर किती दिवस?" गजकर्णासाठी असेल तर डॉक्टरांकडे कारण मागायला संकोच करू नका.

पुण्यात_मूळ_सोलापूर
"चार दिवसांत साफ" वाचून आमच्या होस्टेलची दोरी आठवली. एकाची चड्डी, दुसऱ्याचा टॉवेल, तिसऱ्याची बनियन, आणि वर्षाअखेरीला सगळ्यांचं गजकर्ण एकच. खरी एकात्मता. 😄

मृणाल_जुळेसोलापूर
सगळ्यांचे आभार. आत्ता भावासमोर बसून वाचलं. दोन्ही ट्यूबा मागवून घेतल्या. पहिलीत क्लोबेटासोल, ऑफ्लॉक्सॅसिन, ऑर्निडाझोल आणि टर्बिनाफिन. दुसरीत क्लोबेटासोल आणि सॅलिसिलिक ॲसिड, बुरशीचं काहीच नाही. म्हणजे गेले दोन महिने तो बुरशीला फक्त खतपाणी घालत होता.

डॉक्टर, आता नेमकं कसं थांबवायचं? एकदम की हळूहळू? नेटवर दोन्ही लिहिलंय. आणि भाचीला वहिनी त्यातलीच पहिली ट्यूब लावतेय, मला आत्ता कळलं.

त्वचा_नीता
भाचीची ट्यूब आजच बंद, मोठ्यांच्या मलमाचा थेंबही तिच्या मानेला नको. मुलांची कातडी पातळ आणि अंग लहान, त्यामुळे लावलेलं स्टेरॉइड रक्तात जास्त जातं. तान्ह्या बाळांच्या लंगोटाच्या पुरळावर महिनोन्महिने अशी मलमं लावलेली मी पाहिली आहेत. बाळाचे गाल चंद्रासारखे गोल फुगलेले आणि घरचे म्हणतात, "बाळसं धरलंय." एकच लहान चट्टा असेल तर तिला बहुधा फक्त बुरशीचं मलम पुरेल, पण दाखवून घ्या.

भावाचं असं. थोड्या जागेवर लावत असता तर मी एकदम बंद करायला सांगितलं असतं. तो जांघा, मांड्या आणि कंबर एवढ्या जागेवर, घडीत, जवळपास चार-पाच महिने क्लोबेटासोल लावतोय. अशा वेळी शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करू शकतं. त्याला उभं राहताना चक्कर येते का, भूक गेली आहे का, खूप थकवा, मळमळ आहे का? चेहरा गोल झालाय का? यातलं काही असेल तर घरच्या घरी बंद करायचं नाही, फिजिशियनला दाखवायचं. सकाळी रक्तातलं कॉर्टिसोल तपासून मग ठरतं. यातलं काही नसेल तरी या आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरकडे जा. तिथे बुरशीच्या गोळ्या सुरू होतात आणि स्टेरॉइड थांबतं. पहिले आठ-दहा दिवस खाज भडकेल. त्यासाठी खाजेच्या गोळ्या देतात, थंड ओल्या फडक्याने बरं वाटतं. तो भडका म्हणजे औषध लागू पडत नाही असं नाही. बहुतेक माणसं इथेच हरतात आणि पुन्हा ट्यूब उघडतात.

दवाखान्यात काय होईल तेही सांगते, म्हणजे भीती जाईल. चट्ट्याच्या कडेवरून बोथट पात्याने पापुद्रे खरवडतात, दुखत नाही. काचेवर ठेवून पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात, थोडा वेळ थांबून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बुरशी असेल तर फांद्या फुटलेले धागे दिसतात. तासाभरात कळतं की बुरशी आहे की सोरायसिस. जाताना दोन्ही ट्यूबा बरोबर न्या. आणि त्या दिवशी सकाळी काही लावून जाऊ नका.

रोहित_होटगीरोड
डॉक्टर, हृदयाचं मला खरंच माहीत नव्हतं. माझ्या वडिलांना मीच गोळ्या आणून देणार होतो, त्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे. आता दाखवूनच घेतो.

स्नेहल_विजापूररोड
कपड्यांचं कुणी सांगेल का? गरम पाण्यात धुवा म्हणतात. इथे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. चार माणसांचे कपडे रोज वेगळे उकळायचे कुठल्या पाण्यात?

अंबादास_पूर्वभाग
आमच्या घरी आम्ही असं करायलोय. आतले कपडे आणि टॉवेल एवढेच वेगळ्या बादलीत. बंबातलं कडकडीत पाणी एक बादली, त्यात अर्धा तास भिजत. बाकीचे नेहमीसारखे. वाळत घालताना उलटे करून, आतली बाजू उन्हाला. आपल्याकडे पाणी नसलं तरी ऊन फुकट आहे. आईचा फरक पडला त्याने. पण जीन्स घालायची बंद करायला दादा तयार नाही, त्याचं तेवढं जात नाही.

त्वचा_नीता
अंबादास, उत्तम. बादलीभर गरम पाणी आतल्या कपड्यांना पुरतं. जीन्सचं तर मी रोज सांगते. कमरेला घट्ट, घाम अडकतो, आणि आठवडाभर न धुता वापरतात. गळून पडलेल्या पापुद्र्यांत बुरशी महिनोन्महिने टिकते. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, ही एक गोष्ट तर टॉवेलच्या गावात जमायला हवी.

बुरशीचं मलम लावताना चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं चांगल्या कातडीवरही लावायचं. आणि दिसायचं बंद झालं तरी डॉक्टर सांगतील तोवर, साधारण आणखी दोन आठवडे. घरातल्या सगळ्यांचा उपचार एकाच वेळी, नाहीतर बहीण-भावात चेंडू फेकल्यासारखं ते फिरत राहतं.

निवृत्त_रेल्वे_दमाणीनगर
डॉक्टर, सौ.ने कापसाने बघितलं. शेजारी सगळीकडे कळलं. चट्ट्यावर बहुतेक वेळा कळलं नाही. एकदा तर ती म्हणाली "टेकवलंय" आणि मला पत्ताच नव्हता. चट्ट्यावर घामही येत नाही असं तिच्या लक्षात आलं. हे काय असेल?

त्वचा_नीता
काका, फोरमवर निदान करत नाही, पण लपवणारही नाही. फिकट चट्टा, खाज नाही, स्पर्श कळत नाही, घाम नाही, यात सगळ्यात आधी कुष्ठरोग आहे का ते तपासायला हवं. घाबरू नका. याला खात्रीचा उपचार आहे, औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, साधारण सहा महिने ते वर्षभर घ्यायची. उपचार सुरू झाला की थोड्याच काळात तो दुसऱ्याला लागत नाही. उशीर झाला तर नसा दुखावतात आणि हातापायाची ताकद जाऊ शकते, म्हणून घाई. उद्याच सिव्हिलच्या त्वचा विभागात जा. ल्युलिकोनाझोल बंद केलं तरी चालेल. मुलाने फोटोवरून शोधलं यात त्याचा दोष नाही, फोटोत बधिरपणा दिसतच नाही.

औषधवाला_बाळे
काका, तुमच्यासारख्याला मी काउंटरवरून साधं मलम दिलं असतं आणि मला वाटलं असतं की सुरक्षित आहे. आजपासून "खाज आहे का" आणि "स्पर्श कळतो का" हे दोन प्रश्न विचारूनच देणार.

मंगल_काकू
मी आमच्या भिशीच्या ग्रुपवरून लसणाचा मेसेज काढला. पण नऊ जणींनी आधीच पुढे पाठवलाय, त्याचं काय करू?

स्नेहल_विजापूररोड
काकू, मी फोडाचा फोटो देते जावेला विचारून. तो लावा त्याच मेसेजखाली.

मृणाल_जुळेसोलापूर
परत आले. भावाला काल दाखवलं. खरवडून काचेवर बघितलं, धागे दिसले. सोरायसिस नाही. कॉर्टिसोल तपासलं, थोडं कमी आलंय, म्हणून फिजिशियनने सौम्य स्टेरॉइडवर आणून टप्प्याटप्प्याने थांबवायला सांगितलं आणि त्याबरोबर इट्राकोनाझोल जेवणानंतर. वहिनीला गोळ्या, भाचीला नुसतं बुरशीचं मलम. चिरांबद्दल त्यांनीही तेच सांगितलं जे इथे डॉक्टरांनी सांगितलं. भाऊ ते ऐकून बराच वेळ गप्प होता.

आता ग्रुपचं. त्याने स्वतः लिहायचं ठरवलंय, मी लिहिलं तर पोरं "ताईंचं भाषण" म्हणतील. त्याने लिहिलेलं असं आहे, कुठे चुकलं असेल तर सांगा:

"भावांनो, मी टाकलेला ट्यूबचा फोटो कुणी वापरू नका. त्यात क्लोबेटासोल आहे. खाज जाते, रोग वाढतो. माझ्या जांघेत कायमचे पट्टे पडले, पोरीला लागलं. ज्यांनी महिनाभराच्या वर लावलंय त्यांनी एकदम बंद न करता दाखवा. मी शनिवारी सिव्हिलला पुन्हा जातोय, यायचं असेल तर सोबत चला, केसपेपर मी काढतो."

अंबादास_पूर्वभाग
एक नंबर लिहिलंय बे. सोबत चला म्हटलं की पोरं येतील. आमच्या खात्यातले दोघं तयार आहेत, मी घेऊन येतो. शनिवारी ओपीडी किती वाजता सुरू होते?

त्वचा_नीता
मजकूर बरोबर आहे. "महिनाभर" ऐवजी "बऱ्याच जागेवर किंवा बरेच आठवडे" असं करा, म्हणजे थोड्याशा चट्ट्यावर चार दिवस लावलेला उगाच घाबरून पुढे लावत बसणार नाही. केसपेपर सकाळी लवकर काढा, दुपारी रांग वाढते. आणि सगळ्यांना सांगा, आपापली ट्यूब खिशात घेऊन या.

निवृत्त_रेल्वे_दमाणीनगर
मी आज जाऊन आलो. तपासलं, नसा दाबून बघितल्या, चट्ट्याचा तुकडा तपासायला घेतलाय. अहवाल यायचाय. मुलगा सोबत आला होता. मृणालताई, शनिवारी मीही तिथेच असेन, तुमच्या भावाला भेटतो.